कोरं कपाळ

वर्ध्यातल्या स्टुडिओत फोटो साफ करायचं काम माझं. गौरीपूजनाच्या साजातल्या एका सुनेचा फोटो होता. घाईत मी चेहरा गुळगुळीत करणारं बटण दाबलं, आणि मोठी प्रिंट बाहेर आली तेव्हा चूक दिसली. मशीनने टिकलीला मुरूम समजून पुसलं होतं. नथीचे मोती गालात विरघळले होते, आणि गालाजवळच्या झुमक्याचाही निम्मा भाग गेला होता. तिचा नवरा सीमेवर होता आणि सासू समोर काउंटरपाशी उभी होती.

मी प्रिंट उलटी ठेवली. कॉम्प्युटरवर तो फोटो पुन्हा उघडून नथ, झुमके आणि टिकलीवरून तो गुळगुळीतपणा माऊसच्या ब्रशने हातानेच काढत गेले. नवी प्रिंट काढून सासूपुढे धरली.

तिने त्या प्रिंटकडे पाहिलंही नाही. "तो उलटा फोटो सरळ कर, पोरी. मले दिसला तो."

"खराब निघाला, मावशी. फाडून टाकते."

"फाडू नको."

तिने ती प्रिंट स्वतःच सरळ केली, पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि कुंकवाचं बोट त्या कोऱ्या कपाळावर टेकवलं.