चमच्याने काढलेला फेस

आमच्या नात्यात असं पसरलंय की मावशीने माझ्या आईच्या लघवीचा फोटो न बघताच "छान आहे, पाणी प्या" असं उत्तर ठोकून दिलं आणि त्यापायी आईची मूत्रपिंडं कामातून गेली. मामा तर हे अशा थाटात सांगतात, जणू त्या दिवशी ते मावशीच्या खुर्चीखाली दडून बसले होते. "न बघता! सख्ख्या बहिणीचा फोटो! न बघता!" तिसऱ्या 'न बघता'ला त्यांचा आवाज फाटतो आणि ते पाणी मागतात.

तर ते तसं नाही. मावशीने फोटो बघितला. मोठा करून बघितला. प्रश्नही विचारले. फोटो खरोखरच छान होता, आणि घोटाळा झाला तो तिथेच.

मावशी दवाखान्यात परिचारिका. मागच्या खोलीत, लशींच्या फ्रीजला खेटून, तिचं टेबल. टेबलावर दवाखान्याचा फोन, आणि त्या फोनवर सकाळपासून लोकांच्या लघवीचे फोटो. डॉक्टरांनी ही सोय सुरू केली तेव्हाच बजावलं होतं, फोटोवरून आजार ओळखायचा नाही. कुणाला लगेच बोलवायचं, कुणाला नमुना घेऊन तपासणीला पाठवायचं आणि कुणाला नुसतं पाणी प्यायला सांगायचं, एवढंच ठरवायचं.

बहुतेकांना पाणीच लागायचं. म्हणून मावशीचं नाव पडलं 'पाणी-प्या मावशी'. मी तिची नक्कल करायचे. मान किंचित डावीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दुसऱ्याच्या घरात झोपलेलं बाळ असावं असा दबका आवाज: "पाणी कमी पडतंय हो काका. दिवसभर थोडं थोडं प्या, उद्या सकाळी परत पाठवा. आणि दिवा बदला. पिवळ्या दिव्याखाली दूधसुद्धा पिवळं दिसतं."

तिच्याकडे येणारे नमुने बघण्यासारखे आणि पाठवणारे ऐकण्यासारखे. एका टॅक्सीवाल्याने मोठ्या काचेच्या मगात नमुना घेऊन, खाली छान रुमाल घालून फोटो पाठवला. मावशी म्हणाली, "दादा, हा मग आता कुणाला देऊ नका." एका बाईचा नमुना गुलाबी. बाई फोनवर रडायलाच लागल्या. मावशी शांतपणे: "काल बीट खाल्लं होतंत?" पलीकडचं रडणं थांबलं. मग, "कोशिंबीर केली होती." तरी मावशीने त्यांना नमुना तपासायला पाठवलंच. "बीट असेल तर चांगलंच आहे. पण रक्त आणि बीट फोटोत सारखंच लाल दिसतं, मी काय चाखून बघू?" एक आजोबा हिरवट पिवळा चकचकीत रंग पाहून मृत्युपत्र करायला निघाले होते. त्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांचा तो रंग.

गढूळ नमुना आला की तिचा पहिला प्रश्न, "किती वेळ ठेवला होता?" लघवी थंड झाली की तिच्यातले क्षार खाली बसतात, गढूळ दिसते. ताजी असूनही गढूळ, वर जळजळ नाहीतर ताप, मग मात्र तपासणी. आणि फेस आला की तिचे तीन प्रश्न ठरलेले. जोरात, उंचावरून पडली का? भांडं साबणाने धुतलं होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचा, फेस किती वेळ राहिला? मोठे बुडबुडे येतात, फुटतात, त्याचं काही नाही. बारीक, दाट फेस बसून राहत असेल आणि रोज येत असेल, तर लघवीतून प्रथिनं जात असतील. पण फेस बसलाय की आत्ताच आलाय, हे फोटोत दिसत नाही. "फोटोला घड्याळ नसतं गं," ती मला म्हणायची, "म्हणून विचारावं लागतं. आणि विचारलं की माणसं खोटं बोलतात."

माझ्या आईला मधुमेह आहे. तिला दुसरीही एक व्याधी आहे, ती म्हणजे आवरण्याची. गॅसचा माणूस सिलिंडर बदलायला येणार असला तरी ती उशांचे अभ्रे बदलते. त्या सकाळी बरेच दिवस चाललेला फेस पाहून ती घाबरली आणि मावशीला फोटो पाठवायचं ठरवलं. पण फोटो दवाखान्याच्या फोनवर जाणार, म्हणजे डॉक्टर बघणार, सफाईवाली बघणार, न जाणो कोण कोण बघणार! आईने काचेची बरणी उकळून घेतली. नमुना घेतला. वरचा फेस चमच्याने काढला, दुधावरची साय काढावी तसा. खाली गढूळ बसेपर्यंत थांबली. वरचं नितळ दुसऱ्या बरणीत ओतलं. रंग तिला गडद वाटला, तर त्यात थोडं पाणी घातलं. मग बरणी खिडकीत ठेवून, मागे पांढरा टॉवेल धरून फोटो काढला. एखाद्या जाहिरातीत शोभला असता.

मावशीने विचारलं, "सकाळची पहिली का?" आई म्हणाली, "हो." "किती वेळ ठेवली होती?" "आत्ताचीच." "फेस होता का? राहतो का?" "छे गं, कुठे काय." मावशीने लिहिलं, "रंग छान आहे. असंच पाणी पीत राहा. तरी साखरेच्या तपासणीला येशील तेव्हा लघवी तपासून घेऊ." त्यातलं पहिलं वाक्य आईने सगळ्यांना वाचून दाखवलं. दुसरं कुणी वाचलं नाही. तपासणीला ती गेलीच नाही. फोटो चांगला आला होता ना.

पावलं सुजली, सकाळी डोळ्यांखाली फुगायला लागलं, तेव्हा मावशीच तिला ओढत घेऊन गेली. प्रथिनं तपासायची पट्टी लघवीत बुडवली आणि ती रंग बदलत गडद हिरव्यावर गेली, म्हणजे प्रथिनं भरपूर. मग रक्ताची तपासणी, मग मूत्रपिंडाचे डॉक्टर, मग गोळ्या. मूत्रपिंडं गेलेली नाहीत, मामा काहीही म्हणोत. पण बरंच नुकसान झालंय आणि ते भरून यायचं नाही. औषधं आधी सुरू झाली असती तर हे इतकं झालं नसतं, असं ते डॉक्टर म्हणाले. बस, तेवढ्या वाक्यावर मामांनी मावशीच्या दवाखान्यात तक्रार केली. न बघता!

मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. तिनेच सांगितलं सगळं, चमचा घासता घासता. तोच चमचा होता की नाही, मी विचारलं नाही. "मला ते घाण वाटलं," ती म्हणाली. "तुझ्या मावशीपुढे घाण कशाला दाखवायची?"

"अगं, तिचं कामच ते आहे!"

"म्हणून काय झालं? पाहुणी येते ती आपल्याकडे."

मावशीला हे मी सांगण्याआधीच माहीत होतं. तिने तो जुना फोटो पुन्हा मोठा करून बघितला होता. टॉवेलच्या कोपऱ्याखाली, जवळजवळ फोटोबाहेर, एक ओला चमचा पालथा पडलेला. "फेस काढता येतो," ती म्हणाली. "प्रथिनं नाही निघत चमच्याने. त्याच दिवशी पट्टी लावली असती तर पट्टीनेच सगळं सांगितलं असतं. मधुमेह असलेल्या परक्या बाईला मी पट्टी लावल्याशिवाय सोडलं नसतं. बहीण होती म्हणून शब्दावर राहिले."

"मग डॉक्टरांना सांग ना, आईने काय केलं ते!"

"आजारी बाईवर ढकलून मोकळी होऊ? तिने सांगितलं तर सांगितलं."

"मी सांगते."

"तुझं कोण खरं धरणार? तू घरातल्या प्रत्येकाचा आवाज काढतेस. म्हणतील, हासुद्धा काढलेलाच."

हे मला लागलं, कारण खरं होतं.

दवाखान्याचे डॉक्टर वाईट नाहीत. त्यांनी मावशीला सांगून ठेवलं होतं की पेशंटने स्वतः सांगितलं, नमुन्यात फेरफार केला होता, तर विषय संपला. नाहीतर फोटोंचं काम मावशीकडून काढून घ्यावं लागेल. ती नोकरीवर राहील, पण त्या टेबलावर नाही. आणि मावशीचा जीव त्या टेबलात होता. दिवसभर लोक तिला जे दाखवायचे, ते स्वतःच्या नवऱ्यालाही दाखवत नाहीत.

डॉक्टरांनी आईला विचारायला बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी मी मावशीच्या टेबलापाशी बसून म्हणाले, "आई सांगेल. एका वाक्याचं तर काम आहे. पैज लाव."

मावशीने चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. "नाही सांगणार. आधी आवरेल."

"हरलीस तर?"

"तू म्हणशील ते. आणि तू हरलीस तर माझी नक्कल बंद. कायमची. लोकांपुढे, घरात, न्हाणीघरातसुद्धा नाही."

मी हसत हसत हात पुढे केला. मला वाटलं, किती सोपी पैज!

डॉक्टरांच्या खोलीत आई, मामा, मावशी आणि मी. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. आत येताच तिने टेबलावरचे कागद सरळ केले. डॉक्टरांचे कागद!

डॉक्टर म्हणाले, "ताई, कुणी रागावणार नाही. फोटोसाठी नमुना होता तसाच ठेवला होता, की त्यातलं काही काढलं, काही घातलं?"

आईने मावशीकडे बघितलं. मावशीने खाली बघितलं, तिला मदत व्हावी म्हणून. मामा पुढे झुकले. माझ्या मनात मी तिच्याच आवाजात ते वाक्य तयार ठेवलं होतं: फेस मी काढला. तीन शब्द. ते तिच्या तोंडातून येताना मला जवळजवळ ऐकू आले.

आईने पदर सारखा केला.

"काढायचं काय त्यात," ती म्हणाली. "होता तसाच पाठवला."

मामांनी श्वास सोडला. डॉक्टरांनी मान हलवली आणि मावशीकडे न बघता काहीतरी लिहिलं. मावशी उठली. तिने आईच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली, हवा भरली आणि अगदी हळू, कुणाचं बाळ जागं होऊ नये अशा आवाजात म्हणाली, "हात सैल सोड गं."

आता मावशी पुढच्या खोलीत जखमा बांधते. फोटोंना एक नवी मुलगी उत्तरं देते, ती काहीच विचारत नाही, थेट अंगठा पाठवते. आई गोळ्या वेळेवर घेते आणि मावशी घरी यायची असली की आधी सगळं घर पुसते. मामा अजूनही "न बघता!" म्हणतात, आणि तेव्हा आई पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवते.

परवा पाहुणे म्हणाले, "अगं, ती पाणी-प्या मावशी करून दाखव ना!" मान आपोआप डावीकडे गेली. दारात मावशी उभी होती. तिने नुसता चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला.

मी मान सरळ केली. लिहिण्यावर पैज नव्हती, म्हणून हे लिहिलं.