मॅनेजर बदलला म्हणून

मी म्युच्युअल फंड विकतो, आणि तेच तेच समजावून आता कंटाळलोय. परवा वाळूजच्या कारखान्यातले एक लेथ ऑपरेटर, माझे जुने ग्राहक, शिफ्ट सुटल्यावर थेट ऑफिसात आले. "साहेब, आपल्या इंडेक्स फंडाचा मॅनेजर गेला म्हणं. पैसे काढून घेऊ का?"

मी पुन्हा सुरू केलं. इंडेक्स, म्हणजे निर्देशांक, ही पन्नास मोठ्या कंपन्यांची यादी, आणि प्रत्येकीचा वाटा त्यात ठरलेला असतो. फंड त्याच प्रमाणात शेअर घेतो. यादी बदलली की फंडातले शेअरही बदलतात. मॅनेजरनं स्वतःचं डोकं चालवायचंच नसतं.

"म्हंजे ड्रॉइंगबरहुकूम पार्ट काढायचा! ऑपरेटर कुणी का असंना." ते खूश झाले. जाताना दारात थांबले. "मग तुमचं कमिशन कशाचं, साहेब?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.