भावोजींचा फॉरेनचा माल

लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षीचं एक भांडण अजून माझ्या कानात आहे. मी चुलीपुढे होते आणि बाहेर ओटीवर मामंजी नि माझे धाकटे दीर हरिश्चंद्र यांची जुंपली होती. भावोजी बोटीवरून पहिल्यांदाच सुट्टीवर आले होते, येताना दुबईचा टेपरेकॉर्डर घेऊन. मामंजी विचारत होते, याचं बिल कुठाय? भावोजी म्हणाले, फॉरेनच्या मालाला कसलं बिल. बिघडला तर कोणाच्या दारात नेशील, असं मामंजींनी विचारल्यावर भावोजींचं उत्तर तयार होतं. बिघडतो तो इथला माल.

पुढे बापलेक एकमेकांशी बोलेनात. टेपरेकॉर्डर मात्र मामंजी गेल्यावरही वाजत राहिला. तिथेच घोटाळा झाला. तो मेला वेळेवर बिघडला असता तर भावोजी जरा सुधारले असते.

ते बोटीवर स्वैपाकी होते. सुट्टीवर आले की वाडीतलं कोणी ना कोणी ओटीवर बसलेलं असायचं. कोणाला घोंगडीसारखं जाड ब्लँकेट हवं, कोणाला बॅटरी, कोणाला दाढीचं यंत्र. भावोजी आणायचे. बोटीची नोकरी सुटली, म्हातारपण आलं, साखर लागली, हातात काठी आली. घर चालवतो त्यांचा मुलगा हर्षद, तोही मुंबईतून फोनवर. भावोजींकडे राहिली ती खरेदी. पंखा असो की पायपुसणं, दुकानात ते स्वतः जाणार, बोटांनी ठोकून बघणार आणि हा घे म्हणणार. ती एवढी गोष्ट गेली तर माणूस ओटीवरच्या बाकासारखा झाला असता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. म्हणून कोणी मध्ये पडत नसे.

गेल्या दिवाळीनंतर हर्षदच्या मुलीला, इथेच आमच्यात राहणाऱ्या संस्कृतीला, गेमचा कन्सोल घ्यायचा होता. टीव्हीला जोडायचा आणि हातात दांडीवजा खेळणं धरून खेळायचं, असं ते यंत्र. शिकवण्या घेऊन तिने स्वतः पैसे साठवलेले. ती म्हणाली, मी ऑनलाइन मागवते. भावोजी म्हणाले, न बघता वस्तू घेतात काय? गंगारामच्या दीपकचं दुकान आहे रत्नागिरीत, मी येतो. गंगाराम म्हणजे त्यांचा बोटीवरचा सोबती. मला चष्म्याची दांडी बसवून घ्यायची होती, म्हणून मीही एस.टी.त चढले. चढले नसते तर बरं झालं असतं.

दीपकचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने श्वास आत घ्यावा एवढं. त्याने काका-काकी करून आम्हाला स्टुलं दिली आणि दोन खोकी पुढे ठेवली. दिसायला जुळी. एकावर बाजूला पांढरी चिठ्ठी डकवलेली होती, इथे माल कोणी आणला त्याचं नाव-पत्ता, किंमत, तक्रारीचा फोन. दुसऱ्यावर तसली चिठ्ठी नाही आणि ते बरंच स्वस्त. दीपक म्हणाला, हा दुबईचा आहे.

झालं. भावोजींचा हात तिकडे गेला.

संस्कृतीने हळू आवाजात समजावलं. यंत्र खरं असलं तरी ज्यावर इथली चिठ्ठी नाही त्याला इथली कंपनी हात लावत नाही, बिघडलं तर सगळं दुकानदारावर. दीपक म्हणाला, मी आहे ना, आणि ड्रॉवरमधून कार्ड काढून शिक्का मारला. एक वर्षाची वॉरंटी, दुकानाचं नाव. संस्कृतीने ते उलटसुलट केलं. यंत्राचा नंबर नाही, तारीख नाही, काय बिघडलं तर काय करणार तेही नाही. दीपक म्हणाला, तारीख कोरीच राहू दे, पाहिजे तेव्हा घाला, फायदा तुमचाच. ती म्हणाली, कोऱ्या कार्डाचा फायदा तुम्हाला. उद्या तुम्ही म्हणाल, वर्ष कधीच संपलं.

भावोजींचे कान तापले.

"गंगारामचा पोर आहे तो. माझ्यादेखत त्याला चोर ठरवतेस?"

"मी कोणाला काय ठरवत नाही, आजोबा. खोक्यावर नंबर आहे, तोच यंत्रावर हवा. एवढंच बघायचंय."

दीपक म्हणाला, सील फोडलं की माल परत घेता येत नाही. ती म्हणाली, नंबर जुळला तर घेतेच आहे की. दोघं तेच तेच बोलत राहिली. माझी चष्म्याची दांडी हातात, एस.टी.ची वेळ जवळ येतेय आणि इथे देवाचा कौल लावल्यासारखी सगळी खोक्याकडे बघत बसलेली. मी म्हटलं, काय ते एकदा करा रे. शेवटी भावोजींनीच काठी आपटली.

"फोड रे दीपक. नाही जुळला तर या घरची खरेदी आजपासून मी सोडली."

उगाच बोलले. दीपकने सील फोडलं, यंत्र उपडं केलं. संस्कृतीने खोक्यावरचे आकडे वाचले, दीपकने यंत्रावरचे. सुरुवात जुळली, शेवट जुळेना. दीपकने यंत्र पुसलं, मोबाईलने फोटो काढून मोठा करून पाहिला. आकडे काही बदलले नाहीत. संस्कृती म्हणाली, यंत्र वापरलेलं असणार, खोकं दुसऱ्याचं. दीपकचा चेहरा उतरला. मुंबईच्या माणसाने मलाही असाच दिला काका, तो म्हणाला, मी सील बघून ठेवून घेतला. खोटं बोलत नसावा. पण तोही न बघताच घेऊन बसला होता, आमच्यासारखाच.

भावोजी उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

मग चिठ्ठीवालं खोकं निघालं. याचे नंबर जुळले. यंत्र चालू केल्यावर टीव्हीच्या पडद्यावरही तोच नंबर येतो का, ते संस्कृतीला बघायचं होतं. दीपकने टीव्हीला वायर लावली आणि वीज गेली. आमची एस.टी. सुटली ती तेवढ्यात. दीपकने बिलबुक काढून पक्कं बिल हाताने लिहिलं, संस्कृतीने त्यावर यंत्राचा नंबर घालायला लावला, वॉरंटीच्या कार्डावरही. तारीख, शिक्का, सही. कंपनी बिलाची तारीख धरते, ती म्हणाली. नंतर आम्ही तिघं बंद पंख्याकडे बघत घामाघूम. बाहेर भावोजी पाठ करून. मी दोनदा हाक मारली, वहिनी तुम्ही गप्प बसा, एवढंच म्हणाले.

वीज आली तेव्हा संस्कृती बाहेर गेली.

"आजोबा, नंबर तुम्ही वाचा. मी बिल धरते."

"तुला वाचता येत नाही?"

"एकट्याने जुळवायचा नसतो. मी चुकेन."

ते आत आले. पडद्याशी नाक नेऊन एकेक आकडा असा वाचला, जणू प्रत्येकाशी भांडण आहे. ती बिलावर बोट सरकवत गेली. जुळला. भावोजींनी काठी उचलली. दीपकने चहा मागवतो म्हटलं, तर नको म्हणाले, आणि गंगारामला माझा नमस्कार सांग असंही म्हणाले नाहीत. दीपकला ते जास्त लागलं. खरेदी सोडली, हा शब्द मात्र दुकानातच राहिला. आम्ही कोणी तो उचलला नाही.

पुढची एस.टी. उशिरा होती. खोकं संस्कृतीने छातीशी धरलं, मी चष्मा परत तसाच पदरात बांधला. स्टँडकडे जायचं, तर भावोजी वाटेत मासळीबाजाराकडे वळले. शहरात आले की घरी मासे नेणं हे त्यांचं शेवटचं काम, त्याशिवाय ते गाडीत चढत नाहीत. चिमा कोळणीच्या पाटीपुढे उकिडवे बसले, काठी मांडीवर. बांगड्याचा कल्ला उचलून आत बघितलं, पोटावर अंगठा दाबला, वास घेतला. हा ठेव, तो दे. चिमा म्हणाली, काका, माशाला इतकं छळू नका, मेलाय तो. त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या वाट्यातले दोन बदलून घेतले, पिशवी माझ्या हातात दिली आणि स्टँडची वाट धरली.