काजळी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तिला सगळे थोरली म्हणत. ती तिथल्या आचाऱ्याची थोरली वहिनी, म्हणून. नवरा गेल्यावर धाकट्या दिराला तिनेच लहानाचा मोठा केला. पुढे तो आचारी झाला आणि वहिनीला कॅन्टीनमध्ये भांडी घासायला घेऊन आला. तो रांधायचा, ती घासायची. दोघांच्या मध्ये एक अर्धी भिंत होती. तिच्यावरून दिवसभर टोमण्यांची देवाणघेवाण चालायची.

"वहिनी, पातेलं दे गं. का त्यात तोंड बघत बसलीस?"

"तुझं बघायला नको, म्हणून माझंच बघते!"

त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. थोरलीच्या मोरीतून बाहेर पडलेल्या पातेल्याचं बूड खरोखरच लखलखायचं. नव्याने लागलेल्या बाया पातेलं आलं की थेट नळाखाली धरत. थोरली त्यांचा हात धरून म्हणायची, "आधी पाणी नको. काजळी ओली झाली की चिखल होतो, आणि मग तो सगळीकडे पसरतो." ती जुन्या वर्तमानपत्राचा बोळा करून सुकी काजळी आधी पुसून काढी. मग साबणाच्या कोमट पाण्यात बूड भिजत ठेवी. स्टीलच्या भांड्याला खायच्या सोड्याचा लेप लावून ते थोडा वेळ बाजूला ठेवी. अॅल्युमिनियमला मात्र सोडा लागू देत नसे. सोड्याने ते काळवंडतं, झिजतं. त्याला पिळून झालेल्या लिंबाच्या साली, नरम घासणी आणि मनगटाचा जोर.

शिवाय तिची एक खास रीत होती. पातेलं शेगडीवर चढण्याआधी ती त्याच्या बुडाला बाहेरून ओल्या साबणाचा हात फिरवून ठेवी. काजळी त्या थरावर बसे आणि घासताना थरासकट निघून येई. स्वयंपाक उरकला की मोठी पातेली उतरवून मोरीत न्यायची तीही थोरलीच, कारण तोवर आचारी मागच्या ओट्यावर डोकं धरून बसलेला असे.

त्याचं हे डोकं दुखणं हिवाळा सुरू झाल्यापासून मागे लागलं होतं. सकाळी येताना गडी ठणठणीत. दुपार होईस्तोवर कपाळ ठणकायचं, मळमळायचं, पाय लटपटायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळे तपासले. काही सापडलं नाही. सुट्टीच्या दिवशी घरी मात्र डोकं अजिबात दुखायचं नाही. त्यावरून मॅनेजर एकदा म्हणाले, "आचारी, तुमचं डोकं कामाला भितंय." सगळे हसले. आचारीही हसला, पण संध्याकाळी घरी जाताना तो थोरलीला म्हणाला, "वहिनी, मला आता झेपत नाही. हे काम सुटलं तर मला दुसरं काय येतं?"

त्या रात्री थोरलीच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

थंडी वाढली तशी स्वयंपाकघराची वरची जाळी पुठ्ठा लावून बंद केली होती. गार वारा शेगडीच्या जाळावर यायचा म्हणून. जाळ अलीकडे पिवळा आणि उंच झाला होता. आचारी म्हणायचा, "जाळ कसा दणकट आहे बघ!" थोरलीकडे येणाऱ्या भांड्यांवरची काजळी रोज जाड होत चालली होती. पूर्वी बोळ्याच्या एका फटक्यात निघणारी काजळी आता पापुद्र्यांनी सुटायची. तिने साबणाचा हात जाड केला. वर्तमानपत्रं जास्त मागवली. तक्रार करणं तिच्या रक्तात नव्हतं.

अशात एक दिवस शेगडीवाला मिस्त्री गॅसची नळी बदलायला आला. दुपारची वेळ, शेगड्या विझलेल्या. नळी बसवताना त्याने सहज विचारलं, "भांडी काळी होतात का हो?"

आचाऱ्याने फळीकडे बोट केलं. "बघा की! काळा डाग दाखवाल तर मिशी उतरवीन."

पातेली ओळीने पालथी होती आणि सगळ्यांची बुडं चकाकत होती. मिस्त्री म्हणाला, "मग शेगडी चांगली आहे," आणि पिशवी उचलून निघून गेला. अर्ध्या भिंतीपलीकडे थोरलीने ते ऐकलं. तिचा ऊर भरून आला. ती आणखी जोमाने घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत आचारी शेगडीसमोरच कोसळला.

वाढप्यांनी त्याला उचलून अंगणात नेलं. थोरली त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मोकळ्या हवेत थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, पण वहिनीकडे पाहून तो म्हणाला, "आई, मीठ घातलं का?" आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

गाडी आली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मॅनेजरही बरोबर गेले. थोरली उरलेली पातेली उतरवायला म्हणून आत गेली. सगळ्यात मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं तिने रिकामं करून आडवं केलं. बुडावर मखमलीसारखी काजळी दाट बसली होती. तिने सवयीने बोळा उचलला, आणि तिचा हात हवेतच थांबला.

भांडी काळी होतात का हो?

तो प्रश्न तिला आत्ता कुठे ऐकू आला. मिस्त्रीने विचारलं होतं आचाऱ्याला. पण उत्तर होतं तिच्याकडे, आणि ते तिने मोरीत धुऊन टाकलं होतं.

तिने शेगड्या बंद केल्या, वाढप्याला सांगून जाळीवरचा पुठ्ठा ओढून काढायला लावला. मग पातेलं न घासता कमरेवर घेतलं आणि भर रस्त्याने मिस्त्रीच्या दुकानाकडे निघाली. लुगडं काळं झालं, कोपर काळं झालं. लोक वळून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या हातातलं भांडं चारचौघांत काळं दिसत होतं.

मिस्त्रीने बुडावर बोट ओढलं आणि त्याचा चेहरा उतरला. "आत खिडकी उघडी असते?"

"पुठ्ठा होता. आत्ताच काढला."

"अहो मावशी, जाळाला हवा मिळत नाही, तेव्हा अशी काजळी धरते. त्याच जाळातून विषारी वायू सुटतो. त्याला वास नसतो. आधी दवाखान्यात निरोप द्या. काल का नाही सांगितलंत?"

"मी घासत होते," थोरली म्हणाली.

निरोप पोचला तसा दवाखान्यात आचाऱ्याला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ आत राहिला असता तर हाती लागला नसता. मिस्त्रीने शेगड्या खोलल्या. हवा घ्यायच्या तोंडाशी चिकट तेलाचा आणि धुळीचा बोळा बसला होता, बर्नरची भोकं उतू गेलेल्या अन्नाने बुजली होती. ते साफ झाल्यावर जाळ बुटका, निळा आणि स्थिर झाला. जाळी उघडीच राहिली, आणि थंडीत वाढपी कुरकुरले तरी थोरलीने तिला कोणाला हात लावू दिला नाही.

आचारी परत कामावर आला. डोकं दुखायचं थांबलं. हात पूर्वीसारखाच चालतो, पण मधली एखादी गोष्ट त्याच्या मनातून निसटते ती निसटतेच. थोरलीने साबणाचा हात फिरवणं त्याच आठवड्यात सोडून दिलं. आता स्वयंपाक उरकला की ती प्रत्येक पातेलं उतरवून आधी अर्ध्या भिंतीवर आडवं धरते, बूड आचाऱ्याकडे करून.

"बघ."

"बघितलं, वहिनी. कोरं आहे."

"बोट लावून बघ."

तो बोट लावतो, तिला दाखवतो. मगच पातेलं मोरीत जातं. कुणी नवी बाई हसून म्हणाली, थोरली, घासायला काही उरलं नाही की हो तुम्हाला, तर ती मान हलवते.

कधी कधी ढवळता ढवळता आचारी थांबतो. पळी हातात तशीच राहते. "वहिनी, मीठ घातलं का गं?"

पूर्वी यावर तिने त्याला चांगलं सुनावलं असतं. आता ती हात धुते, पदराला पुसते, भिंतीला वळसा घालून पलीकडे जाते आणि पळीतलं चाखून बघते.

"घातलंयस," ती म्हणते.