वालजीभाईंचा तक्ता

जामनगरच्या आयकर कार्यालयात वालजीभाई नकुम यांना सगळे ओळखत. साहेब बदलले, शिपाई बदलले, वालजीभाईंचा बाक मात्र बदलला नाही. बरोबर सुक्या कचोऱ्यांची पुडी असे. ती लाच आहे असं कोणाला वाटू नये म्हणून तिच्यातल्या दोन ते आधी स्वतः खात.

शंकर टेकरीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं पितळी नळांचे सुटे भाग कातण्याचं शेड होतं. दोन जुनी लेथ, तीन कारागीर. नोटाबंदीत त्यांनी बँकेत भरलेली रोकड साहेबांना संशयास्पद वाटली आणि सोळा लाख ऐंशी हजारांची मागणी निघाली. अपिलाचा निकाल लागेपर्यंत वसुली थांबावी म्हणून वालजीभाईंनी वीस टक्के, म्हणजे तीन लाख छत्तीस हजार भरले. एकवीसच्या नोव्हेंबरात राजकोटच्या न्यायाधिकरणाने सगळी मागणी रद्द केली. त्यांचे हिशेब मीच पाहतो. निकाल वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नवं मशीन आलंच म्हणा!"

संगणकावर चालणाऱ्या लेथची किंमत चौदा लाख. बँक पाऊण हिस्सा देणार होती, बाकीचा परताव्यातून द्यायचा. नवं मशीन आलं नाही तर मोठी गिऱ्हाइकं तुटणार होती, आणि कारागीरही.

निकालाची अंमलबजावणी म्हणजे साहेबांनी त्यानुसार नवा हिशेब मांडायचा, मागणी पुसायची आणि भरलेलं व्याजासह परत करायचं. निकाल प्रधान आयुक्तांना मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून तीन महिन्यांत. तो मिळाला कधी, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या साहेबांनी अर्ज घेतला आणि बदली घेतली. दुसऱ्या बाईंनी नव्याने अर्ज मागितला, निकालाची साक्षांकित प्रत मागितली, पैसे भरल्याची पावती मागितली. ऑनलाइन तक्रार केली तर तिसऱ्या दिवशी 'निकाली' असं उत्तर आलं. उच्च न्यायालयात जायचं म्हणजे वकिलाची फी, आणि ती द्यायची परताव्यातूनच.

वालजीभाईंची शाळा सातवीपर्यंत. पण त्यांनी साहेबांचं काम सोपं व्हावं म्हणून अंमलबजावणीचा हिशेब स्वतःच मांडला: डावीकडे मूळ मागणी, मधे निकाल, उजवीकडे उरलेलं, म्हणजे शून्य, खाली व्याज महिन्यागणिक. तिसरे साहेब प्रभात रंजन, पाटण्याचे तरुण, तो तक्ता पाहून खूष झाले.

"काका, हे कुठे शिकलात?"

"बाकावर, साहेब."

"मला एक प्रत द्या. नऊ लोकांचे असेच निकाल पडून आहेत."

नऊच्या नऊ लोकांचे हिशेब त्या तक्त्यावर बसले. दोघांचे परतावे दिवाळीआधी जमा झाले. त्यातल्या एका मारवाड्याने वालजीभाईंना पेढे दिले.

"तुमचं कधी?" त्याने विचारलं.

"माझं जरा अवघड आहे," वालजीभाई म्हणाले. "माझा तक्ता सगळ्यांच्या कामात आहे ना."

चोविसच्या जूनमध्ये त्यांचाही आदेश निघाला: परतावा व्याजासह सव्वाचार लाख. उशिराचं जादा व्याज कोणी मांडलं नाही. वालजीभाईंनीही ते सोडून दिलं.

"जसु, बँकेत फोन कर," त्यांनी बायकोला सांगितलं. "मशीन नक्की."

आठवड्याने पोर्टलवर नोटीस आली. मागणी काढणाऱ्या साहेबांनी तेव्हाच व्याजातली चूक दुरुस्त करून सोळा लाख ऐंशी हजारांची मागणी नव्याने चढवली होती आणि जुनी पुसायला ते विसरले होते. आदेशाने नवी मेली. जुनी, सोळा लाख ब्याण्णव हजारांची, जिवंतच होती. तेव्हा परतावा तिच्यात वळता करण्यात येत आहे, हरकत असल्यास कळवावी.

मी हरकत त्याच दिवशी नोंदवली. तिचं उत्तर प्रभात रंजन यांनी एकवीस दिवसांत द्यायचं होतं. त्यांची बदली पाचव्या दिवशी सुरतला झाली.

बाविसाव्या दिवशी परतावा वळता झाला. पत्रात उरलेले साडेबारा लाखांहून जास्त भरण्याची विनंती होती.

"कोणत्या वर्षाची मागणी?" जसुबेननी विचारलं.

"तेच वर्ष. रद्द झालेलं."

"मग रद्द काय झालं?"

वालजीभाईंनी पत्राची घडी घातली. "मशीन," ते म्हणाले.

दिवाळीला दोन्ही लेथ भंगारात गेली. भंगारवाल्याने पितळाचा भुसा वेगळा तोलून घेतला म्हणून वालजीभाईंना थोडं बरं वाटलं. कारागिरांना जाताना कचोऱ्या दिल्या. दुरुस्तीचा अर्ज मी केलाय. त्याची पोच मिळाली आहे.

परवा शेडमधल्या रिकाम्या जागेत आम्ही बसलो होतो. फोन वाजला. चौथे साहेब होते, भिलवाड्याचे.

"वालजीभाई, तो तक्ता म्हणे तुमच्याकडे असतो?"

"असतो, साहेब."

"दुसऱ्या एका प्रकरणात हवा होता. पाठवाल?"

"पाठवतो." त्यांनी फोन ठेवला, पिशवीतून कागद काढला आणि मला दिला. "प्रत काढ. मूळ परत आण. मला लागेल."