डाव्या डोळ्याचा कर

माझी धाकटी बहीण चष्मे बनवते. दुकान छोटंसं. पुढे आरसा आणि फ्रेमचं कपाट, मागे काचा घासायचं यंत्र. तिच्याविषयी मी लिहायला बसेन असं कधी वाटलं नव्हतं, आणि नीट जमेल याची अजून खात्री नाही. पण तिने जी धावपळ केली ती आठवली की आजही मला बसवत नाही.

मी दुकानात शिरलो तेव्हा ती पत्र हातात घेऊन उभी होती आणि तिचा नवरा स्टुलावर डोकं धरून बसला होता.

"दादा, कर खात्याने परतावा परत मागितलाय. वर व्याज!"

एका शाळेने तिला मुलांच्या चष्म्यांचं काम दिलं होतं. पैसे देताना शाळेने त्यातून कर कापला. वर्षअखेरीस तिचा खरा कर त्याहून कमी निघाला, म्हणून जादा रक्कम तिला परत मिळाली. आता अधिकारी लिहीत होते, तुम्ही दोन कपाती दाखवल्यात, शाळेच्या विवरणपत्रात एकच आहे. दुसरीवरचा परतावा चुकून दिला गेला. तो भरा, नाहीतर का भरणार नाही ते महिन्याच्या आत पुराव्यासह कळवा.

तो पैसा तर यंत्रात गेला होता. भरायचा म्हणजे यंत्र विकायचं, आणि काचा घासायला पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं.

"भरून टाक," नवरा म्हणाला. "सरकारशी कोण डोकं लावणार? गिऱ्हाईक मी बघतो यंत्राला."

"अहो, चूक असती तर भरलेही असते. पण कर खरंच दोनदा कापलाय. एकदा उजव्या डोळ्याचा, एकदा डाव्याचा!"

तिची ही जुनी सवय. उजव्या काचांचं बिल वेगळं, डाव्यांचं वेगळं. नंबर वेगळे, डबे वेगळे, मिसळले की घोटाळा. एका नाकावर दोन बिलं, अशी चेष्टा सगळा बाजार करतो. या वेळी काच एकाच प्रकारची होती, म्हणून दोन्ही बिलं एका तारखेची आणि रकमेलाही तंतोतंत सारखी.

बिलं आणि बँकेचा उतारा घेऊन ती तडक शाळेत निघाली. मी मागोमाग. शाळेच्या लेखापालांनी संगणक उघडला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"एकसारख्या दोन ओळी दिसल्या हो. वाटलं, माझ्याच हातून दोनदा टाइप झालं. एक उडवली."

"माझा डावा डोळाच उडवलात की!"

"कर मात्र दोन्हींचा भरलाय, बाई."

"मग तो आहे कुठे?"

त्यांनी भरण्याचं चलन काढलं, विवरणपत्राशी ताडून पाहिलं. तेवढीच रक्कम शाळेच्या नावावर जादा पडून होती! बहिणीने माझा दंड असा धरला की मी ओरडलोच.

"दुरुस्तीचं विवरणपत्र भरा," ती म्हणाली.

"पुढच्या आठवड्यात बघू."

"बघा सावकाश. मी बसलेय इथेच."

ती खरंच बसली. दुपारच्या सुट्टीत मुलं डोकावून गेली, शिपायाने दोनदा पाणी विचारलं, शेवटी लेखापालांनी हात टेकले आणि दुरुस्ती भरली.

मग उत्तराचा मसुदा. पहिल्यात तिने साहेबांचे डोळे फुकट तपासून देण्याची तयारी दाखवली होती. ते मी खोडायला लावलं. उरलं ते नेमकं होतं. मागणी मान्य नाही, कारण कपाती दोन आहेत. सोबत दोन्ही बिलं, बँकेत आलेल्या दोन वेगळ्या जमा, शाळेचं पत्र आणि दुरुस्तीची पोच. पत्र मुदतीत दिलं, शिक्का घेतला.

सुनावणीला बोलावणं आलं. अधिकारी बाई होत्या, बोलणं तुटक.

"दोन्ही बिलं सारखी. हे एकाच बिलाच्या दोन प्रती नाहीत कशावरून?"

"क्रमांक बघा, मॅडम. आणि शाळा एकाच बिलाचे पैसे दोनदा देईल का? दिले असते तर मीच आधी नाचले असते."

बाई हसल्या नाहीत. संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात बहिणीचा फोन वाजला. नवरा होता. "अगं, गिऱ्हाईक आलंय. यंत्र चालवून बघतंय. हो म्हणू का?"

"थांबा हो!" ती इतक्या जोरात बोलली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले.

"दुरुस्ती आलीये," बाई म्हणाल्या. "दोन्ही कपाती आता जुळतात. वसुलीचा प्रस्ताव मी मागे घेते. आदेश लेखी मिळेल."

"म्हणजे काहीच भरायचं नाही?"

"काही नाही."

बहीण उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. फोन अजून चालूच होता. तो कानाला लावून ती म्हणाली, "अहो, त्याला चहा द्या, बिस्किट द्या, हवं तर डोळेही तपासून द्या. पण यंत्राला हात लावू देऊ नका!"