सहावी चौकट

परिचारिकांना शिकवणाऱ्या सिस्टरचा धाकटा भाऊ अचानक गेला. शोकसभेसाठी भावजयीने स्वतःच स्लाइड्स केल्या होत्या. फोटो लहानमोठे, एकमेकांवर चढलेले, मजकूर पार कडेला टेकलेला.

"वन्सं, हे असं विखुरलेलं बघवत नाही हो. तुम्ही शिकवायला रोज स्लाइड्स करता, जरा नीट लावून द्या," ती म्हणाली.

सिस्टरने आधी पडद्यावर मार्गरेषा आखल्या. चारही बाजूंना सारखा समास सोडला, प्रत्येक स्लाइडवर शीर्षक एकाच जागी आणलं. फोटो न ताणता, कडा कापून एका मापाचे केले. मग रांगेतले फोटो एकत्र निवडून वरच्या कडा जुळवल्या आणि मधली अंतरं सारखी केली. हात कामात होते, म्हणून डोळे कोरडे राहिले.

शेवटची स्लाइड भावाच्या लेकीच्या वाढदिवसांची होती. दरवर्षी बाप तिला खांद्यावर घेऊन फोटो काढायचा. असे पाच फोटो होते. वर तीन बसले, खाली दोन. ते दोन सिस्टरने सवयीने मधोमध सरकवले.

"मधे नको," भावजय म्हणाली. "वरच्या पहिल्या दोन फोटोंच्या खालीच राहू द्या."

"अगं, शेवटची जागा रिकामी दिसेल."

"पुढच्या महिन्यात ती सहा वर्षांची होईल, वन्सं."

सिस्टरने दोन्ही फोटो डावीकडे आणून वरच्या फोटोंच्या कडांशी जुळवले. मग मात्र तिला रडू आवरेना. भावजयीने तिला जवळ घेतलं, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.